दवाखान्यातले बीपी खरे की घरचे?

१९८३ साली इटलीतील मिलान शहरात ज्युसेप्पे मान्चिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. रुग्णालयात दाखल असलेल्या ४८ जणांच्या हातातील धमनीत बारीक नळी बसवून त्यांचा रक्तदाब ठोक्याठोक्याला नोंदवला जात होता. नोंद सुरू असतानाच एक डॉक्टर खाटेजवळ यायचे आणि नेहमीच्या पद्धतीने दुसऱ्या दंडाला पट्टा बांधून बीपी मोजायचे. डॉक्टर आल्यावर पहिल्या चार मिनिटांत वरचा आकडा सरासरी २७ने आणि खालचा १५ने चढला. दहा-पंधरा मिनिटांत तो बऱ्यापैकी उतरूही लागला. यात बीपीचे जुने रुग्ण होते आणि ज्यांना बीपी नाही असेही होते. पुढे याच गटाने डॉक्टरऐवजी नर्सला पाठवून पाहिले, तेव्हा वाढ साधारण निम्मी भरली.

धमनीतल्या नळीने हे दाखवले म्हणून त्याला महत्त्व. पट्ट्याने मोजताना चूक झाली, असे येथे म्हणता येत नाही. रक्तदाब खरोखरच वाढला होता, पण तो डॉक्टरांच्या भेटीपुरता. आता अडचण अशी, की बीपीचे निदान आपण बहुतेक वेळा नेमके याच मिनिटांत करतो. रुग्ण रांगेत तासभर उभा राहून आत येतो, खुर्चीवर टेकतो, आम्ही पट्टा गुंडाळतो आणि आकडा कागदावर लिहितो. तो आकडा उरलेल्या चोवीस तासांबद्दल किती खरे सांगतो, हा आजच्या लेखाचा विषय आहे. तो दोन्ही बाजूंनी फसवू शकतो. कधी नसलेला आजार दाखवतो, तर कधी असलेला झाकून ठेवतो.

एकाच आजाराच्या दोन उलट बाजू

दवाखान्यात बीपी १४०/९० किंवा त्याहून जास्त आणि बाहेर मात्र नॉर्मल, अशा स्थितीला ‘व्हाइट कोट हायपरटेन्शन’ म्हणतात. डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटावरून हे नाव पडले. न्यूयॉर्कचे डॉ. थॉमस पिकरिंग यांनी १९८८मध्ये २९२ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दवाखान्यात ज्यांचा खालचा आकडा ९० ते १०४ यांदरम्यान भरत होता आणि ज्यांना औषध सुरू नव्हते, असे हे रुग्ण होते. त्यांपैकी साधारण पाचांतील एकाचे बीपी दवाखान्याबाहेर नॉर्मल निघाले.

याच पिकरिंग यांनी २००२मध्ये उलट्या स्थितीलाही नाव दिले : ‘मास्क्ड हायपरटेन्शन’, म्हणजे मुखवटा घातलेला रक्तदाब. येथे दवाखान्यात १४०/९०च्या आतला आकडा मिळतो आणि घरी, कामावर किंवा झोपेत तो वाढलेला असतो. आपल्या सोयीसाठी त्याला ‘लपलेला रक्तदाब’ म्हणू.

पहिल्या प्रकारातला माणूस निदान डॉक्टरांच्या नजरेत तरी येतो. त्याला एखादवेळी नको असलेली गोळी मिळते, चक्कर येते, पायांवर सूज येते, पण त्याची तपासणी होत राहते. दुसऱ्या प्रकारातल्या माणसाला आपणच ‘तुमचे बीपी छान आहे’ असे सांगून घरी पाठवतो. हृदयाला, मूत्रपिंडाला आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांना मात्र चोवीस तासांचा भार सोसावा लागतो. ओपीडीतल्या दोन मिनिटांशी त्यांना काही देणेघेणे नसते. जगभरातल्या पाहण्यांचा सूर असा आहे, की लपलेला रक्तदाब असणाऱ्यांना हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका नॉर्मल माणसाच्या मानाने जवळपास दुप्पट असतो. म्हणजे तो उघड बीपी असणाऱ्यांच्या जवळ जातो. व्हाइट कोट प्रकारात धोका बराच कमी असतो, मात्र अगदी शून्य नसतो.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘डॉक्टर, मी काही घाबरट नाही,’ असे अनेक जण सांगतात आणि ते खरेही असते. व्हाइट कोट परिणाम हा भित्रेपणाचा पुरावा नव्हे. तपासले जाण्याच्या प्रसंगाला शरीर सावध होऊन प्रतिसाद देते, नाडी जलद होते, रक्तवाहिन्या आकसतात. माणसाला त्याची जाणीवसुद्धा नसते. म्हणूनच चेहरा पाहून किंवा ‘टेन्शन आलंय का?’ असे विचारून तो ओळखता येत नाही. त्यासाठी दवाखान्याबाहेरचे आकडेच हवेत.

चोवीस तास सोबत राहणारे यंत्र

हे आकडे मिळवण्याची सर्वांत भरवशाची पद्धत म्हणजे ‘ॲम्ब्युलेटरी ब्लडप्रेशर मॉनिटरिंग’. आम्ही तिला ‘एबीपीएम’ म्हणतो. अनेक जण तिला ‘होल्टर’ म्हणतात, पण होल्टर हे हृदयाचा आलेख चोवीस तास नोंदवणारे वेगळे यंत्र आहे. चिठ्ठीवर नेमके काय लिहिले आहे ते बघून घ्यावे.

एबीपीएमचे यंत्र साधारण मोबाइलएवढे असते. ते कमरेच्या पट्ट्याला अडकवतात. त्याची रबरी नळी सदऱ्याच्या आतून वर जाते आणि दंडावरच्या पट्ट्याला जोडलेली असते. आधी दोन्ही दंडांवर बीपी मोजतात. फार फरक नसेल, तर ज्या हाताने आपण लिहीत नाही त्या दंडावर पट्टा बांधतात. दिवसा दर १५ ते ३० मिनिटांनी आणि रात्री साधारण दर अर्ध्या तासाने यंत्र आपोआप पट्टा फुगवते, हळूहळू हवा सोडते आणि धमनीच्या स्पंदनांवरून आकडा काढून साठवते. चोवीस तासांत साठेक नोंदी जमा होतात.

रुग्णाने करायचे ते थोडकेच आहे. पट्टा फुगू लागला की हात सैल सोडून स्थिर ठेवायचा, चालत असाल तर थांबायचे, बोलणे थांबवायचे. यंत्र भिजता कामा नये, म्हणून त्या दिवशी अंघोळ नाही. सोबत दिलेल्या कागदावर झोपल्याची आणि उठल्याची वेळ, दुपारची झोप, गोळ्यांची वेळ, तंबाखू-सिगारेट आणि काही खास घडले असल्यास ते लिहायचे. हा कागद अनेकांना फालतू वाटतो, पण तोच अहवाल वाचण्याची किल्ली आहे. बाकी दिवस नेहमीसारखा घालवायचा. कामावर जाणाऱ्याने कामावर जायचे. सुटी काढून घरी पडून राहिलात, तर यंत्र तुमच्या सुटीचे बीपी मोजेल. ज्यांच्या कामात वाहन चालवावे लागते, त्यांनी मात्र आधी सांगावे, कारण स्टीअरिंगवर हात असताना पट्टा फुगणे धोक्याचे असते.

अहवालात तीन सरासऱ्या पाहायच्या. जागेपणीची सरासरी १३५/८५च्या आत हवी, झोपेतली १२०/७०च्या आत आणि पूर्ण चोवीस तासांची १३०/८०च्या आत. दवाखान्यातली मर्यादा १४०/९० असताना येथे ती कमी का, असा प्रश्न पडेल. माणूस रोजच्या जागी, रोजच्या कामात असताना आकडा मुळातच थोडा खाली असतो. त्यामुळे दवाखान्यातल्या १४०च्या तोडीचा बाहेरचा आकडा १३५ धरला जातो.

दोन अहवाल शेजारी शेजारी

आता दोन रुग्णांचे अहवाल पाहू. ओळख पटू नये म्हणून तपशिलात थोडा बदल केला आहे.

पहिल्या बासष्ट वर्षांच्या मावशी. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी तालुक्याहून आलेल्या. फिटनेसच्या तपासणीत बीपी १६६/९४ भरले, म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलली. पंधरा दिवसांनी १६०/९२, पुन्हा पुढे ढकलली. त्या कोणतीही गोळी घेत नव्हत्या. ईसीजी साफ, लघवीत प्रथिने नाहीत, डोळ्यांचा पडदा ठीक. इतके बीपी बराच काळ असते, तर त्याची काहीतरी खूण शरीरात सापडायला हवी होती. ती नाही, म्हणून शंका आली आणि औषध लिहिण्याआधी यंत्र बांधायचे ठरवले.

सकाळी दहा वाजता ओपीडीत यंत्र बांधताना पहिली नोंद आली १६२/९२. पावणेअकराला त्या एसटी स्टँडवर होत्या तेव्हा १४४/८४. दुपारी बाराला घरी पोचल्यावर १२८/७८. जेवून दीड ते तीन झोपल्या, तेव्हा ११२/६८. संध्याकाळी अंगणात भाजी निवडताना १२६/७८. रात्री गाढ झोपेत १०८च्या आसपास. दुसऱ्या दिवशी यंत्र परत द्यायला आल्या आणि ओपीडीच्या रांगेत उभ्या असतानाची शेवटची नोंद पुन्हा १५४/९०. दुपारची झोप बाजूला ठेवून काढलेली जागेपणीची सरासरी १२६/७६, रात्रीची १०८/६४, चोवीस तासांची १२०/७२.

व्हाइट कोट हायपरटेन्शनचे हे अगदी पुस्तकात शोभेल असे चित्र आहे. आलेखाची दोन्ही टोके उंच आणि मधला सगळा भाग सपाट. उंच टोके कुठली, तर जिथे रुग्णालय आहे तिथली. ‘मावशी, तुमचं बीपी आमच्या दारातच चढतं, घरी गेलं की उतरतं,’ असे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, ‘मग मला गोळी नको ना?’ गोळी दिली नाही. अहवाल नेत्रतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ यांच्याकडे पाठवला आणि पुढच्या तारखेला शस्त्रक्रिया झाली. मिठाचे प्रमाण, चालणे आणि वर्षातून एकदा बाहेरचे बीपी मोजणे एवढे मात्र त्यांच्या कागदावर लिहिले.

दुसरे चव्वेचाळीस वर्षांचे गृहस्थ. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून. सहा वर्षांपासून मधुमेह, वजन जास्त, तंबाखूची सवय. मधुमेहाच्या तपासणीला ते दर दोन महिन्यांनी यायचे आणि बीपी कायम चांगले : १२८/८२, १२६/८२, १३०/८४. यंदा मात्र लघवीत अल्ब्युमिन आढळले आणि इकोमध्ये हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड दिसली. भिंत जाड होते ती जास्त दाबाविरुद्ध रक्त ढकलावे लागते म्हणून. कागदावर बीपी नॉर्मल आणि हृदयावर मात्र भाराच्या खुणा, हा मेळ बसेना. अल्ब्युमिन मधुमेहामुळेही येते, पण भिंतीच्या जाडीचे उत्तर त्यातून पुरेसे मिळत नव्हते. घरच्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली : ते फार घोरतात.

गळीत हंगाम सुरू होता आणि त्यांची पाळी दुपारी चार ते रात्री बारा होती. यंत्र बांधायला ते तयार झाले, पण म्हणाले, ‘साहेब, सुटीच्या दिवशी बांधू का? काट्यावर फार धावपळ असते.’ धावपळीच्या दिवशीच बांधायचे आहे, असे त्यांना समजावले.

सकाळी साडेनऊला ओपीडीतली पहिली नोंद १३०/८४. दुपारी घरी १३२ ते १३८च्या दरम्यान. चारनंतर ते काट्यावर गेले आणि आलेख वर सरकला : १५०, १५६, १५८. रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी १६४/१०२. त्या वेळेसमोर कागदावर त्यांनी लिहिले होते, ‘दोन ट्रॅक्टरवाल्यांचे नंबरावरून भांडण. तंबाखू.’ ते एक वाजता झोपले. दीड वाजता १४२/८८, पहाटे चारला १३६/८४. आठला उठल्यावर वीस मिनिटांनी १५२/९६. जागेपणीची सरासरी १४८/९४, झोपेतली १३८/८६, चोवीस तासांची १४५/९२. तिन्ही सरासऱ्या मर्यादेच्या बऱ्याच वर.

चोवीस तासांत त्यांचे बीपी सर्वांत चांगले कुठे होते, तर आमच्यासमोर. यात नवल नाही. आमच्याकडे ते सकाळी यायचे, कामाचा ताण सुरू होण्याआधी. तपासणीच्या दिवशी तंबाखू खात नसत. खुर्चीवर शांत बसत. त्यांच्या दिवसातली सगळ्यात निवांत पाच मिनिटे आम्ही मोजत होतो.

रात्रीचा आकडा

या दुसऱ्या अहवालातली सर्वांत महत्त्वाची ओळ दिवसाची नसून रात्रीची आहे. निरोगी माणसाचे बीपी झोपेत दिवसाच्या सरासरीपेक्षा १० ते २० टक्क्यांनी उतरते. मावशींचे १२६वरून १०८वर आले, म्हणजे साधारण १४ टक्क्यांनी. काट्यावरच्या कारकुनांचे १४८वरून १३८, म्हणजे जेमतेम ७ टक्के. रक्तवाहिन्यांना रात्री जी विश्रांती मिळायला हवी ती त्यांना मिळत नव्हती. काही जणांत तर झोपेतला आकडा दिवसापेक्षाही वर जातो. हृदयविकार आणि पक्षाघाताचा अंदाज बांधताना रात्रीचे बीपी दिवसाच्या बीपीपेक्षा जास्त उपयोगी पडते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

रात्री बीपी न उतरण्याची कारणे शोधावी लागतात. घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे हे मोठे कारण. त्यात दर काही मिनिटांनी प्राणवायू कमी पडतो आणि शरीर अर्धवट जागे होऊन रक्तवाहिन्या आवळते. मूत्रपिंडाचा आजार आणि जुना मधुमेह ही इतर नेहमीची कारणे. या गृहस्थांना झोपेच्या तपासणीसाठी पाठवले, बीपीची गोळी सुरू केली, तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशनाला जोडून दिले. गोळीचा उपयोग होतो आहे की नाही, हे आता ओपीडीतल्या आकड्यावरून ठरणार नाही, कारण तो आकडा आधीही चांगलाच होता. तीन महिन्यांनी पुन्हा यंत्र बांधले, तेव्हा झोपेतली सरासरी १२२/७४वर आली होती. काम पुरे झाले नाही, पण दिशा बरोबर आहे.

येथे गोळी घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. लपलेला रक्तदाब उपचार सुरू असलेल्यांतही असतो. सकाळी आठला गोळी, अकराला ओपीडी आणि आकडा उत्तम. पण गोळीचा असर चोवीस तास पुरत नसेल, तर पहाटे बीपी चढलेले असते आणि ते कोणालाच दिसत नाही. उलट, काहींचे दवाखान्यातले बीपी चार गोळ्यांनीही उतरत नाही. पाचवी लिहिण्याआधी एबीपीएम केले, तर बाहेरचे बीपी ताब्यात असल्याचे कळते. आणखी औषध वाढवले असते, तर अशा माणसाला उठताना चक्कर येऊन पडण्याचा धोका होता.

अहवाल केव्हा फसवतो

यंत्राने छापून दिलेला प्रत्येक अहवाल खरा मानू नये. पहिली गोष्ट नोंदींची संख्या. ठरलेल्या नोंदींपैकी निदान ७० टक्के यशस्वी हव्यात. जागेपणीच्या किमान २० आणि झोपेतल्या किमान ७ तरी हव्यात. कारकुनांच्या अहवालात ६५पैकी ५७ नोंदी चालल्या होत्या, म्हणून तो ग्राह्य धरला. पट्टा घसरला, नळी अंगाखाली दबली, माणूस वैतागून रात्री पट्टा काढून झोपला, तर रात्रीच्या चार नोंदींवरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. चाचणी पुन्हा करावी लागते.

दुसरी गोष्ट पट्ट्याचे माप. जाड दंडाला लहान पट्टा बांधला, तर चोवीस तासांच्या सगळ्याच नोंदी खोट्या वाढीव येतात. अशा वेळी आलेख गुळगुळीत आणि पटण्यासारखा दिसतो, म्हणूनच ही चूक सहज सुटून जाते. यंत्र बांधताना दंडाचा घेर मोजला का, हे विचारायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट झोपेची वेळ. बहुतेक यंत्रांत रात्र दहा ते सहा अशी ठोकळेबाज धरलेली असते. कारकुनांच्या बाबतीत तशी धरली असती, तर काट्यावरचे शेवटचे दोन तास ‘झोपेत’ आणि सकाळची गाढ झोप ‘जागेपणी’ मोजली गेली असती. दिवस-रात्रीतला फरक आपोआपच पुसला गेला असता आणि रात्री बीपी उतरत नाही हे खरे आहे की वेळेच्या घोळामुळे दिसते आहे, ते कळलेच नसते. आपल्याकडे दुपारच्या वामकुक्षीचाही असाच घोळ होतो. दोन तासांची झोप जागेपणात धरली की दिवसाची सरासरी खाली येते आणि काठावरचा रुग्ण नॉर्मल ठरतो. म्हणून तो वेळांचा कागद नीट भरायचा.

पट्टा फुगल्याने झोपमोड होते, ही तक्रार खरी आहे. अजिबात झोप लागली नसेल, तर तसे सांगावे. त्या रात्रीच्या आकड्याला मग फारसा अर्थ उरत नाही. ज्यांच्या हृदयाचे ठोके सतत अनियमित पडतात, त्यांच्यातही ही यंत्रे चुकू शकतात. शिवाय एक दिवस हा शेवटी एकच दिवस. काठावरचा निकाल असेल, तर तो पुन्हा तपासून घ्यावा.

यंत्र मिळाले नाही तर

एबीपीएम सगळीकडे उपलब्ध नाही. तालुक्याच्या ठिकाणी तर क्वचितच मिळते. त्याला जवळचा पर्याय म्हणजे घरचे यंत्र, पण पद्धतशीर वापरलेले. दंडावर बांधायचे यंत्र घ्यावे, मनगटावरचे नको. सात दिवस, रोज सकाळी गोळी आणि नाश्त्यापूर्वी व रात्री झोपण्यापूर्वी मोजावे. त्याआधी लघवी करून यावे आणि पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटे शांत बसावे. प्रत्येक वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. चहा, तंबाखू, सिगारेट आधीचा अर्धा तास नको. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यावेत आणि उरलेल्या सहा दिवसांच्या सर्व आकड्यांची सरासरी काढावी. ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल, तर दवाखान्यातला आकडा कितीही छान असो, डॉक्टरांना दाखवावी.

फक्त चांगले आकडे लिहून आणू नयेत. ‘हा जास्त आला म्हणून पुन्हा मोजला’ असे करत गेलेली वही सर्वांत जास्त दिशाभूल करते. घरच्या पद्धतीची मर्यादाही लक्षात ठेवावी. झोपेतले बीपी आणि कामाच्या गर्दीतले बीपी ती सहसा दाखवत नाही. कारकुनांनी घरी दुपारी मोजले असते, तर १३४ पाहून ते निश्चिंत झाले असते.

मग लपलेला रक्तदाब आहे का, हे कोणी शोधावे? सरसकट सगळ्यांनी यंत्र बांधण्याची गरज नाही. दवाखान्यातले बीपी १३० ते १३९ / ८५ ते ८९ अशा काठावर असणारे, मधुमेही, मूत्रपिंडाचे रुग्ण, घोरणारे, तंबाखू-सिगारेट-दारूची सवय असणारे आणि बीपी नॉर्मल असूनही ईसीजी, इको किंवा लघवीत खुणा सापडलेले, यांनी जरूर विचारावे. उलट बाजूने, दवाखान्यात सतत जास्त बीपी भरते पण शरीरावर त्याची कोणतीही खूण नाही आणि गोळी घेतल्यावर चक्कर येते, अशांनी औषध वाढवण्याआधी विचारावे. गोळी सुरू असेल, तर ती मनाने बंद करू नये. व्हाइट कोटचा संशय हे गोळी थांबवण्याचे कारण नाही. तो डॉक्टरांना सांगून तपासून घ्यायचा असतो.

लपलेल्या रक्तदाबावर औषध दिल्याने नेमके किती हार्ट ॲटॅक टळतात, याचा थेट पुरावा अजून तोकडा आहे. त्यामुळे काठावरच्या आकड्याला लगेच गोळी द्यायची, की तीन महिने मीठ, वजन आणि तंबाखूवर काम करून पुन्हा मोजायचे, हे त्या माणसाचा एकूण धोका पाहून ठरते. ज्याच्या हृदयावर आणि मूत्रपिंडावर आधीच खुणा आहेत, त्याच्या बाबतीत थांबण्यात अर्थ नसतो.

आणि एकदा मिळालेले निदान कायमचे नसते. इटलीतच मिलानजवळच्या मोंझा भागात लोकांची दहा वर्षांच्या अंतराने पुन्हा तपासणी केली. सुरुवातीला ज्यांना व्हाइट कोट प्रकार होता, त्यांतल्या चाळीस टक्क्यांहून थोड्या अधिक लोकांना तोपर्यंत उघड बीपी झाले होते. लपलेल्या प्रकारात हे प्रमाण जवळपास निम्मे होते. ज्यांचे सगळेच आकडे नॉर्मल होते, त्यांच्यात ते पाचांत एकाहूनही कमी होते. म्हणून मावशींच्या कागदावर ‘गोळी नको’ याच्या खालीच ‘दरवर्षी बाहेरचे बीपी’ असेही लिहिले आहे. या दोन ओळी एकत्रच वाचायच्या आहेत.